सतरा अक्षरे की सतरा उच्चार?

नेरळ आणि कर्जत यांच्या मधल्या भिवपुरी रोड स्थानकाजवळ माझे घर आहे. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये, पहिल्या पावसात, उशिरा आलेली कर्जत लोकल फलाटाच्या अलीकडे मंदावली. रुळांच्या कडेच्या डबक्यात एक बगळा उभा होता. गाडी सिग्नलसाठी मंदावली होती हे मला ठाऊक होते, पण क्षणभर ती बगळ्यासाठी थांबते आहे असे वाटले. यावर मी इंग्रजीत एक हायकू लिहिला आणि एका स्पर्धेला पाठवला. नियम एकच होता: तीन ओळी, पाच-सात-पाच सिलॅबल. कविता परत आली. शेरा होता, 'मोजणी चुकली आहे.' मी चार वेळा मोजली होती. चूक कुठे झाली याचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते येथे मांडतो.

माझा मसुदा देवनागरीत असा होता:

द फर्स्ट रेन
लोकल ट्रेन स्लोज
फॉर ईग्रेट

आता मराठी माणसाच्या सवयीने मोजून पाहा. द, फ, र्स्ट, रे, न: पाच. लो, क, ल, ट्रे, न, स्लो, ज: सात. फॉ, र, ई, ग्रे, ट: पाच. हिशेब चोख! पण इंग्रजी कानाला पहिल्या ओळीत तीनच सिलॅबल ऐकू येतात: द, फर्स्ट, रेन. दुसऱ्या ओळीत चार: लो, कल, ट्रेन, स्लोज. तिसऱ्या ओळीत तीन: फॉर, ई, ग्रेट. सतराच्या जागी दहा. मी इंग्रजी कविता लिहिली होती आणि मोजली मात्र मराठी अक्षरे.

ही सवय आपल्याला वारशाने मिळाली आहे. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे येतात. तिथे 'घर' दोन अक्षरांचे आणि 'विठ्ठल' तीन अक्षरांचे, कारण मोजणी लिहिलेल्या अक्षराची असते आणि गाताना शेवटचा अकार उमटू शकतो. बोलताना मात्र आपण 'घर्' असे एकाच झटक्यात म्हणतो आणि 'विठ्‌ठल्' दोन झटक्यांत. सिलॅबल म्हणजे हा झटका. त्याच्या मध्यभागी एक स्वर असतो आणि मागेपुढे कितीही व्यंजने चिकटू शकतात. म्हणून 'ट्रॅक्स' लांब दिसला तरी एकच सिलॅबल. अक्षरगणना आपल्या घरात बरोबरच आहे, पण तिला इंग्रजीच्या घरात नेले की ती फसवते.

देवनागरी आणखी एका ठिकाणी फसवते. 'व्हाइट' आणि 'डाउन' लिहिताना मधले इ आणि उ सुटे दिसतात. उच्चारात ते आधीच्या आकारात मिसळून एकच संयुक्त स्वर होतो, म्हणून दोन्ही शब्द एका सिलॅबलचे. उलट 'टेबल' आणि 'लिटल' यांच्या शेवटी स्वर जवळजवळ नाहीच, तरी तिथला ल स्वतःच एक सिलॅबल होतो, म्हणून दोन्ही दोनांचे. हनुवटीखाली तळहात धरून शब्द बोलायचा आणि हनुवटी किती वेळा खाली येते ते पाहायचे, ही युक्ती बहुतेक शब्दांना पुरते. 'लिटल'च्या शेवटी मात्र हनुवटी नीट हलत नाही, तिथे कानावरच भरवसा ठेवावा लागतो.

याशिवाय काही शब्द वादाचेच आहेत. 'एव्हरी' बहुतेक जण दोनांत म्हणतात, सावकाश बोलणारा तीनांत. 'फॅमिली' आणि 'कॅमेरा' यांचेही तसेच. 'फायर' आणि 'अवर' कोणी एक धरतो, कोणी दोन. कडक मोजणीच्या ठिकाणी असे शब्द मी टाळतो, कारण माझा उच्चार आणि परीक्षकाचा उच्चार एकच असेल याची खात्री नसते.

मग कविता पुन्हा बांधायला घेतली. पहिल्या ओळीत दोन सिलॅबल हवे होते. पुढचा 'द' काढला आणि 'ऑन द ट्रॅक्स' जोडले: फर्स्ट, रेन, ऑन, द, ट्रॅक्स. पाच झाले आणि पाऊस कुठे पडतो आहे तेही कळले. रुळ आल्यामुळे दुसऱ्या ओळीतल्या 'ट्रेन'ची गरज उरली नाही. तिथे 'द कर्जत लोकल स्लोज डाउन' लिहिले: एक, दोन, दोन, एक, एक, बरोबर सात. तिसरी ओळ झाली 'फॉर वन व्हाइट ईग्रेट', म्हणजे पाच.

हिशेब आता खरोखर जुळला. तरी मन भरेना. संख्येसाठी शब्द निवडताना भरतीचे शब्द आत येतात. ते ओळखायची माझी परीक्षा साधी आहे: शब्द काढून पाहायचा, आणि चित्र तसेच राहिले तर तो शब्द भरतीचा. 'डाउन' काढल्यावर गाडी तेवढीच मंदावते. 'व्हाइट' काढल्यावर बगळा पांढराच राहतो. म्हणजे दोन्ही जागा रिकाम्या होत्या, फक्त त्या शब्दांनी बुजवलेल्या होत्या.

एका सिलॅबलची जागा भरायला 'लास्ट' सहज सुचला: 'द लास्ट कर्जत लोकल स्लोज'. सात पुरे होतात आणि ऐकायलाही छान. पण शेवटच्या लोकलच्या वेळी मिट्ट काळोख असतो. डबक्यातला बगळा कोणाला दिसणार? मोजणी माणसाला खोटे बोलायला लावते ती अशी. त्या दिवशी गाडी उशिरा आली होती, म्हणून 'लेट' घेतला. सिलॅबल तेवढाच, पण आता उशीर झालेली गाडीही थबकते असा ताण आला. 'व्हाइट'च्या जागी 'स्टिल' ठेवला. बगळा निश्चल, गाडी चालती.

फर्स्ट रेन ऑन द ट्रॅक्स
द लेट कर्जत लोकल स्लोज
फॉर वन स्टिल ईग्रेट

आता प्रश्न उरतो की हे सतरा हवेतच कशाला. जपानीत सिलॅबल मोजत नाहीत, 'ओन' मोजतात आणि तो सिलॅबलहून लहान असतो. 'हायकू' इंग्रजीत दोन सिलॅबल, जपानीत तीन ओन: हा, इ, कु. 'तोक्यो'मधले दोन्ही स्वर दीर्घ, म्हणून ते चार ओन. 'निप्पोन'मध्ये जोडाक्षरातला थांबा आणि शेवटचा न वेगळे मोजतात, म्हणून तेही चार. त्यामुळे सतरा ओनांपेक्षा सतरा इंग्रजी सिलॅबलांत जास्त मजकूर मावतो, आणि इंग्रजीत लिहिणारे अनेक हायकूकार त्याहून कमीवर थांबतात. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, तेव्हाही आपल्याकडे तीन ओळी राहिल्या, पाच-सात-पाचचे बंधन बहुतेकांनी मानले नाही.

म्हणजे माझा दहा सिलॅबलांचा चुकलेला मसुदा लांबीच्या दृष्टीने आजच्या इंग्रजी हायकूच्या जवळच होता. तरी तो बरोबर होता असे मी म्हणणार नाही. तिथे 'ईग्रेट'च्या आधीचा 'ॲन' अक्षरे जुळवण्यासाठी मी गाळला होता आणि ओळ इंग्रजीत लंगडत होती. कमी लिहायचे तर ते चित्रासाठी लिहावे, मोजपट्टीसाठी नव्हे. आता मी आधी मोकळ्या हाताने लिहितो, मग मोठ्याने वाचून झटके मोजतो. सात पुरे करण्यासाठी काही घडलेलेच बदलावे लागत असेल, तर ओळ सहावर सोडून देतो आणि ती कविता स्पर्धेला पाठवत नाही.