बँकखात्याचा तपशील कळविणारा संदेश

व्यावहारिक लेखनातील बहुतेक चुका वाचकाची समजूत सावरून घेते. पत्रात एखादा काना राहिला, तरी अर्थ लागतो. बँकखात्याचा तपशील मात्र अखेर यंत्र वाचते आणि यंत्र अर्थ लावीत नाही. एनईएफटी किंवा आरटीजीएस या पद्धतींनी पाठविलेली रक्कम केवळ खातेक्रमांक पाहून जमा केली जाते. सोबत लिहिलेले नाव त्या वेळी विचारात घेतले जात नाही. म्हणून अशा संदेशाचे लेखन हा स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा विषय आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुंबई-गोवा महामार्गावरील तळेरे येथून गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला रस्ता जातो. तळेऱ्याच्या एका विक्रेत्याने कोल्हापुरातील व्यापाऱ्याला काजूगर पाठविले आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र मोबाइलवर धाडले:

‘शेठ, पैसे आमच्या कणकवलीच्या खात्यात टाकावेत. नं. ००६०१०१०००१५९४२. कोड ABCDOOO1058. काजूचे.’

या दोन-तीन वाक्यांत प्रत्येक दोष वेगळ्या जातीचा आहे. कोडमध्ये शून्याऐवजी ‘ओ’ हे अक्षर पडले आहे. आयएफएससी हा अकरा स्थानांचा असतो: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान नेहमी शून्य आणि उरलेली सहा शाखेची. ही रचना ठाऊक असणाऱ्याला चूक तत्काळ दिसते. ती कोणालाच दिसली नाही, तरी असा कोड अस्तित्वात नसल्याने व्यवहार बहुधा तेथेच थांबतो. पैसे कोठे जात नाहीत, वेळ तेवढा जातो. जुन्या पासबुकावरील कोडचेही असेच होते. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून चालेनासे झाले.

खातेक्रमांकातील चूक याहून घातक ठरते. देवनागरी १ आणि ९ हे अंक घाईच्या हस्ताक्षरात एकमेकांसारखे दिसतात. शिवाय देवनागरी १ हा रोमन 9 सारखाही भासतो. चिठ्ठीतील १५९४२ कोणी १५१४२ असे वाचले आणि त्या क्रमांकाचे खाते खरोखर कोणाचे असले, तर रक्कम तेथे जमा होईल. त्या खातेदाराच्या संमतीवाचून ती परत मिळविणे कठीण असते. असे खातेच नसेल, तर रक्कम परत येते. पण हा केवळ योगायोग म्हणावा लागेल.

दूरध्वनीवरून क्रमांक सांगताना मराठी संख्यानामेही फसवितात. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतील भेद गाडीच्या घरघरीत हरवतो. म्हणून जोड्या करून न सांगता एकेक अंक उच्चारावा. ‘डबल’, ‘ट्रिपल’ हेही टाळलेले बरे. ‘शून्य, शून्य, सहा’ हे लांबते खरे, परंतु ऐकणाऱ्याला त्यात काही उलगडावे लागत नाही.

हाच संदेश टंकित करून पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

खातेदार: (पासबुकावर छापलेले नाव, रोमन अक्षरांत, जसेच्या तसे)
बँक व शाखा: अबक बँक, कणकवली
खात्याचा प्रकार: चालू
खातेक्रमांक: 006010100015942
पडताळणीसाठी: 0060 1010 0015 942, एकूण 15 अंक
IFSC: ABCD0001058 (D नंतर तीन शून्ये, ‘ओ’ हे अक्षर नाही)
रक्कम: ₹2,40,000 (दोन लाख चाळीस हजार रुपये)
शेरा: BILL 17 KAJU

खातेक्रमांक दोनदा देण्यास कारण आहे. पहिली ओळ उचलून चिकटविण्यासाठी असल्याने तिच्यात मोकळी जागा नको. दुसरी डोळ्यांनी ताडून पाहण्यासाठी आहे. एकूण अंक सांगितल्यामुळे आरंभीची शून्ये गळली, तरी लक्षात येते. संगणकावरील तक्त्यात क्रमांक संख्या म्हणून भरला, तर ही शून्ये हमखास गळतात. नाव पासबुकाप्रमाणेच हवे, कारण सावंत हे आडनाव Sawant असेही लिहितात आणि Savant असेही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत या दोन्ही पद्धतींत पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय करण्यास बँकांना सांगितले. पाठविणाऱ्याने ते नाव संदेशातील नावाशी ताडावे. त्यासाठीही संदेशातील नाव अचूकच असावे लागते.

‘काजूचे’ हा शेरा पाठविणाऱ्याला पुरेसा वाटतो, पण एकाच आठवड्यात तीन गिऱ्हाइकांची रक्कम आली, तर विक्रेत्याला त्यातून काही उमगत नाही. बिलाचा क्रमांक हाच खरा संदर्भ होय. तो रोमन अक्षरांत व आटोपशीर लिहावा. तिरकी रेघ किंवा अन्य चिन्हे अनेक ठिकाणी स्वीकारली जात नाहीत. दुसरा संदर्भ, म्हणजे यूटीआर, बँक देते. आरटीजीएसमध्ये तो बावीस स्थानांचा असतो. पैसे पाठविल्यावर व्यापाऱ्याने तो विक्रेत्याला उलट कळवावा, म्हणजे रक्कम दिसली नाही, तर शाखेत नेमके काय शोधावयाचे ते सांगता येते.