एका स्लाइडवर तीन टार्गेट: प्रोग्रेस बार कुठे फसवतो?

समजा, पनवेलमधल्या कॉलेजचा एनएसएस ग्रुप वर्षाची टार्गेट दाखवतोय: झाडं 500 पैकी 400, रक्ताच्या पिशव्या 60 च्या जागी 75, निधी 40,000 पैकी 18,000 रुपये. झाडं आणि रुपये एका मापात बसत नाहीत, म्हणून मी आधी टक्के काढतो: 80, 125, 45. पण प्रोग्रेस बार 100 लाच संपतो. जादाच्या 15 पिशव्या दिसतच नाहीत!

स्टीफन फ्यू यांच्या बुलेट चार्टमध्ये टार्गेट ही उभी रेघ असते आणि पट्टी तिच्याही पुढे जाऊ शकते. तिन्ही पट्ट्यांची स्केल मात्र 0 ते 150 अशीच ठेवा, नाहीतर रेघा एकाखाली एक येणार नाहीत. वर्ष अर्धंच सरलं असेल, तर मी मागे 50 पर्यंत फिकट पट्टा देतो. मग निधीचे 45 टक्के थोडेसेच मागे दिसतात.