आईची सही

वैद्यकीय नीतिशास्त्रात ‘संमती’ या विषयावर मी अनेक वर्षे एकच व्याख्यान देत आले. पन्नास मिनिटे, तीसेक स्लाइड. रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, अपाय न करणे, न्याय ही चार तत्त्वे आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल. मुले निमूटपणे लिहून घ्यायची आणि परीक्षेत चारही तत्त्वे बिनचूक उतरवायची. मग तीच मुले इंटर्नशिपला आली, की वॉर्डमध्ये त्यांच्या तोंडी एकच वाक्य ऐकू यायचे : “नातेवाइकांची सही घेतली का?” रुग्ण समोर शुद्धीवर बसलेला असायचा, तरीही.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून ‘एटकॉम’ आले. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे हे शिक्षण प्रसंगावरून सुरू करायचे, व्याख्यान मधे आणायचे आणि पुन्हा चर्चेकडे वळायचे, अशी त्याची रीत आहे. त्या निमित्ताने मी व्याख्यान मोडून त्याची कार्डे करायला घेतली. सुरुवात केली ती स्लाइडवर सर्वांत शेवटी येणाऱ्या त्या निकालापासूनच.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा तो खटला. मे १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री लांबलेल्या रक्तस्रावाची तक्रार घेऊन दवाखान्यात गेली. पूर्ण भूल देऊन दुर्बिणीने पोटात पाहायचे ठरले आणि संमतिपत्रावर तिने स्वतः सही केली. ती भुलीखाली असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या, तिच्या आईची संमती घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशय, बीजवाहिन्या काढल्या गेल्या. आपल्याकडच्या भाषेत, तिची पिशवी काढली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तिची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला.

पहिले कार्ड मी हीच हकिकत थोडक्यात मांडून केले आणि ते साफ फसले. ‘डॉक्टरांनी रुग्णाला न विचारता’ असे शब्द मीच लिहिले होते. दोन मिनिटांत सगळ्या गटांनी डॉक्टरांना दोषी ठरवले आणि मुले मोबाइल पाहू लागली. सगळे हात एकाच बाजूला वर गेले, तर समजावे की पेच कार्डात उतरलेलाच नाही, फक्त निवाडा उतरला आहे.

दुसऱ्या खेपेला गोष्ट निर्णयाच्या क्षणीच थांबवली आणि विद्यार्थ्याला सर्वांत अडचणीच्या जागी उभे केले. आता पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर एवढेच असते :

“तुम्ही ऑपरेशन थिएटरमधले सहायक डॉक्टर आहात. रुग्ण ४४ वर्षांची, अविवाहित. तपासणीसाठी पूर्ण भूल दिली आहे. संमतिपत्रावर तिची सही आहे. त्यात दुर्बिणीने तपासणी व उपचार आणि गरज पडल्यास पोट उघडणे एवढेच लिहिले आहे. आजार बराच पसरलेला दिसतो. पिशवी आणि अंडाशय आत्ताच काढले तर दुसऱ्यांदा भूल द्यावी लागणार नाही, असे वरिष्ठ म्हणतात. नाडी ८८, रक्तदाब १२२/७८. आई बाहेर बाकावर बसली आहे. ‘जा, आईची सही घेऊन ये,’ असे तुम्हाला सांगितले आहे.”

यातले नाडी-रक्तदाबाचे आकडे मी नंतर घातले. ते नव्हते तेव्हा प्रत्येक गट स्वतःच रक्तस्राव कल्पून घ्यायचा आणि ‘जीव वाचवायचा होता’ म्हणून सुटायचा. ‘जीवाला धोका नाही’ असे सरळ लिहिले असते, तर विचार मीच करून दिल्यासारखे झाले असते. आकडे दिले, की धोका आहे का हे मुलांना ठरवावे लागते.

संबंधितांची यादी करणे सोपे असते : रुग्ण, आई, वरिष्ठ, सहायक, भूलतज्ज्ञ, परिचारिका. पण नुसत्या यादीतून चर्चा उभी राहत नाही. म्हणून प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी केली. तिच्यावर तीन ओळी : मला काय माहीत आहे, काय माहीत नाही, चुकलो तर माझे काय जाईल. वरिष्ठांची चिठ्ठी मी मन लावून लिहिली, कारण ते खलनायक ठरले तर खेळ संपतो. दुसऱ्या ऑपरेशनचा धोका आणि खर्च त्यांना खरोखर दिसतो आहे. आईच्या चिठ्ठीवर आहे : “डॉक्टर म्हणतात ते मुलीच्या भल्याचेच असेल. नाही म्हटले आणि तिला काही झाले तर?”

रुग्णाची चिठ्ठी कोरी असते. ती ज्याला मिळते त्याने पहिली पंधरा मिनिटे एक शब्दही बोलायचा नाही. सहा-सात जणांचा गट त्याच्याविषयी, त्याच्यासमोर ठरवत राहतो. मग मी सांगते, भूल उतरली, आता बोल. एकदा ती चिठ्ठी मिळालेल्या मुलीने एवढेच विचारले, “सकाळपर्यंत थांबला असता तर काय बिघडले असते?” गटात कुणालाच उत्तर सुचले नाही. स्वायत्ततेची व्याख्या मी त्या दिवशी सांगितली नाही.

चर्चेचे प्रश्नही बदलावे लागले. ‘संमतीचे महत्त्व सांगा’ असे विचारले, की वर्ग परीक्षेच्या उत्तरांवर येतो. आता पहिला प्रश्न : आईला नेमके काय सांगाल, ते वाक्य लिहा. ते लिहिताना मुलांच्या लक्षात येते, की ‘करावेच लागेल’ आणि ‘करता येईल’ यांतल्या एका शब्दावर ती सही अवलंबून आहे. दुसरा : उद्या सकाळी तिला हे कोण सांगणार? तिसरा : आदल्या संध्याकाळी तिला कोणता प्रश्न विचारला असता, तर ही वेळच आली नसती?

त्यानंतर पालटाचे कार्ड येते. रक्तवाहिनी फुटली, रक्तदाब ८०/५०. आता?

मग पंधरा मिनिटे निकाल. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. सज्ञान स्त्री तात्पुरती बेशुद्ध असेल, तर तिच्या वतीने आईची संमती चालत नाही. जीव किंवा आरोग्य वाचवण्यासाठी थांबणे शक्यच नसेल, तेवढाच अपवाद. संभाव्य शस्त्रक्रियेची संमती आधीच घेऊन ठेवता येते, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निकालातच आहे. डॉक्टरांचा हेतू चांगला होता हेही न्यायालयाने मानले आणि भरपाई २५ हजार रुपये ठरवली. हा आकडा ऐकून वर्ग हमखास पुन्हा भांडतो. मी भांडू देते.

एवढ्यावर थांबले तर मुले ‘रुग्णाची स्वतःची सही असली की झाले’ असे ठरवून बाहेर पडतात. म्हणून पुढच्या तासाला बीडचे कार्ड असते. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कार्डावरची बाई तिशीची आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस काम बुडाले तर खाड्याचे पैसे कापले जातात. अंगावरून जाते, पोट दुखते. ती स्वतःच म्हणते, “काढून टाका, सीझनला जायचंय.” शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, सही तिचीच. इथे बोलायची बंदी कुणावरच नाही, पण मुकादमाची चिठ्ठी टेबलावर ठेवलेली असते. तो दवाखान्यात आलेलाच नाही. पहिल्या कार्डावर हिरिरीने बोललेली मुले इथे अडखळतात. औषधांनी बरे होण्यासारखे असेल तर ते तिला परवडणार का, खाड्याचे पैसे कोण देणार, हे प्रश्न त्यांचे तेच काढतात. या कार्डाला निकालपत्र नाही आणि मीही उत्तर सांगत नाही.

संमती शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. कार्डासोबत आपापल्या रुग्णालयातले कोरे संमतिपत्र टेबलावर ठेवा आणि तास संपताना गटांना ते नव्याने लिहायला सांगा. आमच्या मुलांनी पहिल्यांदा खोडली ती ‘रुग्ण / नातेवाईक यांची सही’ या ओळीतली मधली तिरपी रेघ.