पाणी कुठले ते आधी पाहा, यंत्र नंतर घ्या

नागझिरा अभयारण्याच्या भोवतालच्या गावांत एकाच घरात बहुधा दोन पाणी असतात. एक नळयोजनेचे, म्हणजे विहीर, तलाव किंवा नदीवरून टाकीत चढवलेले. दुसरे हातपंपाचे किंवा घरच्या बोअरचे, खडकाच्या भेगांतून आलेले. दोन्ही पाणी दिसायला सारखेच असले तरी त्यांचे दोष वेगळे असतात. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकत घेताना मात्र हा फरक कुणी विचारत नाही. विक्रेता खिशातले टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि ‘आरओ’च घ्यावा लागेल असे सांगतो. काही कुटुंबे त्यासाठी धानाच्या चुकाऱ्यातले दहा-पंधरा हजार रुपये मोजतात. त्यांतल्या बऱ्याच घरांना ‘आरओ’ची गरजच नसते आणि काही घरांना असते, पण ती मीटरवरून कळत नाही.

दोन यंत्रे, दोन कामे

पाण्यातला दोष जिवंत आहे की विरघळलेला, यावर यंत्राची निवड ठरते.

जिवंत दोष म्हणजे जिवाणू, विषाणू आणि इतर सूक्ष्मजीव. अतिसार, कावीळ, विषमज्वर, कॉलरा हे आजार त्यांच्यामुळे होतात. यूव्ही यंत्रातल्या नळीतून २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण निघतात. ते जंतूंच्या जनुकीय द्रव्यात असा बिघाड करतात की जंतूंची वाढच थांबते. पाण्यातून काही काढले जात नाही आणि काही घातलेही जात नाही. म्हणून पाण्याची चव, क्षार आणि टीडीएस जसेच्या तसे राहतात.

विरघळलेला दोष म्हणजे फ्लोराइड, नायट्रेट आणि जास्तीचे क्षार. यांच्यापुढे यूव्ही निरुपयोगी आहे. उकळणेही कामाचे नाही. उलट पाणी आटल्यावर फ्लोराइड आणि नायट्रेटचे प्रमाण थोडे वाढतेच. इथे ‘आरओ’ लागतो. त्यात पंपाच्या दाबाने पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते आणि क्षार मागे राहतात. मागे राहिलेले क्षार वाहून नेण्यासाठी पाणी सांडावेच लागते. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर पाणी मिळवताना सुमारे तीन लिटर वाया जाते.

मीटर काय सांगते, काय सांगत नाही

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजते आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्या क्षारांत कॅल्शियम किती, फ्लोराइड किती, हे त्याला कळत नाही आणि जंतू तर मुळीच दिसत नाहीत. टीडीएस १५० असलेल्या पाण्यातही अतिसाराचे जंतू असू शकतात. टीडीएस ४५० असलेल्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या वर असू शकते.

दुसरा प्रयोग दोन ग्लासांचा. दोन्ही ग्लासांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. साध्या पाण्यात तपकिरी गाळ धरतो आणि ‘आरओ’चे पाणी स्वच्छ राहते. पाहणारे घाबरतात. तो गाळ पाण्यातला नसतो. साध्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते आणि कांडीतले लोखंड झिजून गंजासारखे खाली बसते. ‘आरओ’च्या पाण्यात क्षार नसल्याने वीजच वाहत नाही. त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकले की तोही ग्लास तपकिरी होतो.

जड पाणी वाईट असते का?

डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यात पांढरा थर धरतो, ही जड पाण्याची लक्षणे. हे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे जड होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत.

जड पाण्याने मूतखडा होतो असा पक्का समज आहे, पण त्याला ठोस पुरावा नाही. मूतखड्याचे मोठे कारण कमी पाणी पिणे हे आहे, आणि उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाचे ते नेहमीच होते. उलट जड पाण्यातले कॅल्शियम शरीराला उपयोगी पडते. जडपणा ३४० असेल आणि त्यातला दोन तृतीयांश कॅल्शियमचा धरला, तर लिटरमागे सुमारे ९० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दिवसाला अडीच लिटर पाणी प्यायले तर ते २२५ मिलिग्रॅम होते. प्रौढ माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. भात मुख्य आणि दूध कमी अशा जेवणात हा वाटा लहान नाही. ‘आरओ’ तो बहुतेक सगळा काढून टाकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या पाण्यासाठी ‘आरओ’ वापरण्यास मनाई करावी, असे सरकारला सांगितले होते.

जडपणाचा खरा त्रास यूव्ही यंत्राला होतो. यूव्हीची नळी क्वार्ट्झ काचेच्या आवरणात असते. जड पाण्याचा पांढरा थर त्या काचेवर बसतो आणि किरण अडतात. आतला निळा दिवा पेटलेला दिसतो, पण जंतू मरत नाहीत. जडपणा १२० च्या वर असेल तर हा थर लवकर धरतो. पाण्यात लोह असेल तर तो तांबूस दिसतो. अशा घरी दर दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून काच काढावी, लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पुसावी आणि स्वच्छ धुऊन बसवावी. नळीही साधारण वर्षाने बदलावी. तिचा दिसणारा उजेड तसाच राहतो, पण न दिसणारे किरण क्षीण झालेले असतात.

एका घराचा हिशेब

नागझिऱ्याजवळचे पाच माणसांचे एक घर उदाहरण म्हणून घेऊ. दोन्ही पाणी तपासले आणि अहवाल असे आले असे समजू. हातपंप : टीडीएस ४८०, जडपणा ३४०, फ्लोराइड ०.६, नायट्रेट २०, जंतू नाहीत. नळ : टीडीएस १६०, जडपणा ९०, पावसाळ्यात गढूळ आणि जंतू सापडले.

मीटरवाला हातपंपाच्या पाण्याला नावे ठेवील. पण अहवालाप्रमाणे ते पाणी पिण्याजोगे आहे. ते जड आहे, पण फ्लोराइड १ च्या आत आहे, नायट्रेट ४५ च्या आत आहे आणि जंतू नाहीत. त्याला यंत्राची गरज नाही. झाकलेले भांडे आणि ओगराळे पुरे. याच पाण्यावर ‘आरओ’ लावला, तर पिण्या-रांधण्याच्या २० लिटरसाठी सुमारे ८० लिटर पाणी भरावे लागेल आणि रोज ६० लिटर सांडेल. वर्षाला हे जवळजवळ २२ हजार लिटर होतात. मे महिन्यात विहिरी तळाला गेल्यावर हे पाणी हापसून कोण आणणार?

धोका आहे तो नळाच्या पाण्यात, आणि तो जिवंत आहे. इथे यूव्ही योग्य. पण गढूळ पाण्यात मातीच्या कणांच्या आडोशाने जंतू किरणांपासून वाचतात. म्हणून पावसाळ्यात तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, वरचे पाणी यंत्रात जाऊ द्यावे आणि गाळ अडवणारी कँडल वेळेवर बदलावी. वीज गेली की यूव्ही बंद पडते. त्या दिवशी पाणी खळखळून उकळावे. यंत्रातला कोळशाचा फिल्टर टीसीएलचे क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे बाहेर आलेल्या पाण्याला पुढे काही संरक्षण उरत नाही. ते झाकून ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे.

आता एकच आकडा बदलू. हातपंपाचे फ्लोराइड ०.६ ऐवजी २.४ आले. मानकाची शेवटची मर्यादा १.५ आहे. टीडीएस, चव, रंग काहीच बदललेले नाही, तरी निर्णय पूर्ण उलटतो. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने मुलांच्या पक्क्या दातांवर तपकिरी पट्टे येतात आणि मोठ्यांचे सांधे व पाठ ताठरू लागते. हा प्रश्न इथे काल्पनिक नाही. गोंदिया जिल्ह्याचा बराच भाग ग्रॅनाइट आणि नाइस या जुन्या खडकांवर आहे. त्यांतल्या एका गटाला भूशास्त्रात ‘आमगाव नाइस’ हेच नाव आहे. अशा खडकांतल्या काही खनिजांतून फ्लोराइड खोल बोअरच्या पाण्यात उतरू शकते. त्या घराने पिण्या-रांधण्यासाठी हातपंप सोडून नळाचे पाणी यूव्ही लावून घ्यावे. दुसरा स्रोतच नसेल तर मात्र ‘आरओ’ घ्यावा आणि सांडपाणी भांडी-धुण्याला वापरावे. या घरी टीडीएस मीटरचा खरा उपयोग होतो. नवीन पडद्यातून ४८० चे पाणी ४०-५० होऊन बाहेर येत असेल आणि पुढे ते १५० वर गेले, तर पडदा फाटला किंवा झिजला असे समजावे.

अकोला, बुलढाणा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याला ‘आरओ’ लागतो. त्या भागातल्या नातेवाइकाने घेतले म्हणून नागझिऱ्यात तेच यंत्र घेणे, म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने वाचणे.

तपासणी कशी करावी

पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने पाठवतो, त्याच्याकडे आधी चौकशी करावी. रासायनिक तपासणीसाठी प्लास्टिकचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी आणि ती विसळू नये, कारण क्लोरीन निष्प्रभ करणारे औषध तिच्यात आधीच असते. हातपंप काही मिनिटे हापसून मग नमुना घ्यावा, थंड ठेवावा आणि २४ तासांच्या आत पोहोचवावा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा करावी.

अहवाल हाती आला की आधी फ्लोराइड आणि नायट्रेटच्या ओळी पाहाव्यात, मग जंतूंची. टीडीएस आणि जडपणा त्यानंतर. पहिल्या दोन ओळी मर्यादेत असतील आणि पाणी खारट नसेल, तर ‘आरओ’चा खर्च वाचला.