बांगड्याची चरबी नेमकी किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं जे जुनं पुस्तक काढलं, ते आजही आपल्याकडे कित्येक आहारतज्ज्ञांच्या टेबलावर सापडतं. त्यात बांगड्यासमोर लिहिलंय: १०० ग्रॅममध्ये प्रथिनं १८.९ ग्रॅम, चरबी १.७ ग्रॅम, ऊर्जा ९३ किलोकॅलरी. आता मोबाइलवर ‘मॅकरेल’ शोधा. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यातला आकडा समोर येतो: प्रथिनं १८.६ ग्रॅम, चरबी १३.९ ग्रॅम, ऊर्जा २०५ किलोकॅलरी. प्रथिनं जवळपास तेवढीच, पण चरबी आठपट आणि कॅलरी दुपटीहून जास्त. मग बांगडा तेलकट समजायचा की नाही?

यातलं पहिलं कारण सरळ आहे. अमेरिकी तक्त्यातला मासा अटलांटिक महासागरातला आहे. तो बांगड्याचा नातलग खरा, पण थंड पाण्यातला आणि वेगळ्या जातीचा. आपल्या रत्नागिरी-मालवणच्या बांगड्याला त्याचे आकडे चिकटवणं म्हणजे चुलतभावाचा रक्ततपासणीचा कागद घेऊन डॉक्टरकडे जाण्यासारखं आहे. रावसाचंही असंच होतं. त्याला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकतात आणि मग सॅल्मनची सगळी कीर्ती त्याच्या नावावर जमा होते. प्रत्यक्षात रावस वेगळ्याच कुळातला मासा आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, पण त्यासाठी आधी माशाच्या मांसात काय काय असतं ते पाहायला हवं. तेलकट मासा आणि कोरडा मासा शेजारीशेजारी ठेवून पाहू. कोरड्या माशाचं जगभर दिलं जाणारं उदाहरण म्हणजे कॉड. त्याच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात पाणी ८१ ग्रॅम, प्रथिनं १७.८ आणि चरबी अवघी ०.७ ग्रॅम असते. ऊर्जा ८२ किलोकॅलरी. अटलांटिक मॅकरेलमध्ये पाणी साधारण ६३.५ ग्रॅम, प्रथिनं आणि चरबी वर दिली तेवढी. चरबी तेरा ग्रॅमने वाढली आणि पाणी सतराएक ग्रॅमने घटलं. प्रथिनं मात्र जवळपास जागची हलली नाहीत. सर्वसाधारण माशात पाणी आणि चरबी मिळून शंभरात ऐंशीच्या आसपास भरतात. चरबी चढली की पाणी उतरतं. राहिलेल्या वीसात बहुतेक प्रथिनं आणि थोडे क्षार.

कॅलरीतला सगळा फरक इथूनच येतो. एक ग्रॅम चरबी नऊ किलोकॅलरी देते. प्रथिनांच्या ग्रॅमला चार मिळतात, माशासाठी तक्तेवाले चाराहून किंचित जास्त धरतात. पाण्याला शून्य. दोन माशांच्या चरबीतला फरक १३.२ ग्रॅम. त्याला नवाने गुणा, ११९ येतात. आणि कॅलरीतला प्रत्यक्ष फरक आहे १२३. म्हणजे तेलकट माशाच्या जास्तीच्या कॅलरी जवळपास सगळ्या चरबीच्या आहेत. हाच हिशेब उलट्या बाजूने मांडला तर शंभर किलोकॅलरीमागे कॉड जवळजवळ २२ ग्रॅम प्रथिनं देतो आणि अटलांटिक मॅकरेल नऊ. शंभर ग्रॅमला मात्र दोघं सारखेच. ‘तेलकट माशात प्रथिनं कमी’ असं कोणी म्हणालं तर आधी विचारायला हवं, वजनामागे की कॅलरीमागे?

मासा चरबी कुठे साठवतो यावरच तो कोणत्या गटात जाणार ते ठरतं. कॉड किंवा मुशी आपली चरबी यकृतात ठेवतात. मुशीचं मांस कोरडं, पण तिच्या यकृतातून तेल काढतात. कॉडचं तर यकृताचं तेलच प्रसिद्ध आहे. बांगडा, तारली, इलिश यांची चरबी मांसातच पसरलेली असते, त्यातही कातडीखाली आणि पोटाकडे जास्त. बांगड्याचा आडवा तुकडा नीट पाहा. मधला भाग फिका दिसतो आणि दोन्ही कुशींना कातडीलगत लालसर-काळपट मांसाची पट्टी जाते. सतत पोहणाऱ्या माशाचे हे न थकता चालणारे स्नायू. यांना इंधन म्हणून चरबी लागते, त्यामुळे तीही इथे जास्त असते. एकाच माशाच्या पोटाकडच्या आणि शेपटीकडच्या तुकड्यात चरबीचा मोठा फरक पडतो. पापलेटच्या पांढऱ्याशुभ्र मांसात अशी ठसठशीत पट्टी दिसत नाही. जुन्या पुस्तकात पापलेटची चरबी १.३ ग्रॅम आणि ऊर्जा ८७ किलोकॅलरी दिली आहे. त्याच पुस्तकात दुसऱ्या टोकाला बंगाल्यांची लाडकी इलिश, म्हणजे आपल्याकडचा पाला: चरबी १९.४ ग्रॅम, ऊर्जा २७३.

आता बांगड्याच्या आकड्याचं दुसरं कारण. मांसात चरबी साठवणाऱ्या माशांची चरबी वर्षभर एकसारखी नसते. अंडी तयार करताना आणि घालताना ती खर्च होते. मग पावसाळ्यात समुद्रात प्लवकांचं पीक येतं, ते खाऊन मासे पुन्हा भरतात. तारलीत हा फेरा सगळ्यांत ठळक दिसतो. एकाच जातीच्या तारलीची चरबी रिकाम्या दिवसांत तीन-चार टक्के असते आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत पंधरा टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. नवरात्र-दिवाळीच्या सुमाराची तारली तव्यावर टाका. चमचाभर तेलावर सुरुवात केली तरी दोन-तीन मिनिटांत कडेने तिचंच तेल सुटायला लागतं आणि मासे त्यात तळून निघतात. मार्च-एप्रिलची तारली तवा धरते, तिला वरून तेल सोडावं लागतं. जुन्या पुस्तकात तारलीची चरबी १.९ ग्रॅम आहे. हा आकडा खोटा नाही, पण तो ज्या नमुन्याचा आहे त्याचाच आहे. बांगड्याचे १.७ ग्रॅमही तसेच वाचावेत. भरल्या हंगामात आपला बांगडाही त्याच्या कितीतरी वर जातो.

माशांच्या चरबीचा अभ्यास करणारे म्हणूनच चार गट पाडतात. दोन टक्क्यांपर्यंत कोरडे, दोन ते चार कमी चरबीचे, चार ते आठ मध्यम आणि आठच्या वर तेलकट. पापलेट साधारण खालच्या गटांत राहतं. बांगडा आणि तारली मात्र ऋतूप्रमाणे एका गटातून दुसऱ्यात जातात. खाद्यानेही असाच फरक पडतो. अटलांटिक सॅल्मन एकच जात, पण मोकळ्या पाण्यातल्या सॅल्मनमध्ये चरबी ६.३ ग्रॅम आणि पिंजऱ्यात वाढवलेल्यात १३.४. परदेशातले आपले लोक जो सॅल्मन आणतात तो बहुधा दुसराच असतो.

या सगळ्या हिशेबाला अपवाद आपल्या दारातच आहे, बोंबील. त्याच्या ताज्या मांसात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. चरबी एखादा ग्रॅम आणि प्रथिनंही नऊ-दहा ग्रॅमच, म्हणजे इतर माशांच्या निम्मी. शंभर ग्रॅमला पन्नासेक कॅलरी. इतका हलका मासा मिळणं कठीण. म्हणूनच घराघरांत बोंबील चिरून, पाट्याखाली किंवा एखाद्या जड वस्तूखाली दाबून ठेवतात आणि पाणी निघाल्यावरच तळतात. दाबलेले शंभर ग्रॅम आणि न दाबलेले शंभर ग्रॅम हे पोषणाच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ झाले. वाळवल्यावर तर चित्रच पालटतं. सुक्या बोंबलाच्या शंभर ग्रॅममध्ये त्याच पुस्तकाप्रमाणे ६१.७ ग्रॅम प्रथिनं, चार ग्रॅम चरबी आणि २९३ कॅलरी असतात. प्रथिनं नव्याने आली नाहीत, फक्त पाणी गेलं. चरबी कमी असल्यामुळेच जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बांबूवर टांगलेला बोंबील नुसत्या उन्हावाऱ्यात वाळवता येतो. बांगडा तसा नुसता वाळवला तर त्याची चरबी हवा लागून खवट होते आणि मांस पिवळट पडतं. म्हणून तो मिठात मुरवूनच वाळवतात, आणि तरीही सुका बोंबील जितका टिकतो तितका हा टिकत नाही.

तक्त्यातले आकडे असतात कच्च्या, काटा-डोकं-आतडी काढलेल्या मांसाचे. ताटात येतो तो वेगळा मासा. किलोभर बांगडे घेतले तर खाण्याजोगं मांस निम्म्याच्या आसपास मिळतं, उरलेलं डोकी, काटे आणि पोटातला ऐवज. शिजवल्यावर पाणी उडून शंभर ग्रॅमचे पाऊणशे राहतात, पण प्रथिनं बरीचशी तितकीच राहतात. शिजलेला तुकडा तोलून कच्च्याचा आकडा लावला तर हिशेब खाली घसरतो. तळताना आणखी एक गंमत होते. कोरडा मासा तळताना पाणी सोडतो आणि त्या जागी तेल ओढून घेतो. तेलकट माशात आधीच चरबी भरलेली असते, तो तेल कमी पितो आणि थोडी स्वतःची चरबी कढईत सोडतो. समजा, शंभर ग्रॅम बोंबलाने दहा ग्रॅम तेल प्यायलं आणि वर दहा ग्रॅम रवा चिकटला. तेलाचे नव्वद आणि रव्याचे पस्तीस मिळून बोंबलाच्या पन्नासाचे पावणेदोनशे झाले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त तेलाचे. कोकम-तिरफळ घालून केलेल्या बांगड्याच्या तिखल्यात यातलं काही होत नाही. त्यात नारळ किती घातला तेवढं मात्र मोजावं लागेल. माशाच्या चरबीत ज्या प्रकारचं ओमेगा-३ असतं, ते तळणीच्या तेलातून येणाऱ्या चरबीत नसतं.

ज्यांना डॉक्टरांनी ग्रॅम मोजून खायला सांगितलंय, त्यांनी मासा साफ करून, काटा काढून, कच्चाच तोलावा. बोंबील सोडला तर शंभर ग्रॅमला अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं धरावीत. चरबीसाठी पापलेटला दोन-तीन ग्रॅम धरले तरी पुरे. दसऱ्यापासून नाताळापर्यंतच्या तारलीला मात्र दहाच्या खाली धरू नये, आणि त्या दिवसांतल्या बांगड्याला जुन्या पुस्तकातले १.७ तर मुळीच लावू नयेत.