रात्री साडेबारा ते पहाटे चार: सिस्टीम बंद असेल तेव्हा

2021च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने एक छोटी सूचना काढली होती. एनईएफटीच्या यंत्रणेत तांत्रिक सुधारणा करायची असल्यामुळे रविवार, 23 मे रोजी 00:01 ते 14:00 या वेळेत ही सेवा बंद राहील, आरटीजीएस मात्र नेहमीप्रमाणे चालू असेल आणि बँकांनी आपल्या ग्राहकांना तसं कळवावं, एवढाच तिचा मजकूर होता. काय बंद, कधीपासून कधीपर्यंत, त्या काळात कोणती वाट मोकळी आणि पुढे कोणी कोणाला सांगायचं, हे सगळं त्यात आलं होतं. सुधारणेत नेमकं काय बदलणार होतं हे कळलं नसतं तरी वाचणाऱ्याचं काही अडणार नव्हतं.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायची असते, तेव्हा बहुतेक ठिकाणी रात्रीची वेळ निवडतात, कारण तेव्हा वापर सगळ्यांत कमी असतो. आयटीतले लोक याला ‘रिलीज’ म्हणतात आणि सिस्टीम बंद असण्याच्या काळाला ‘डाउनटाइम’. टीमला त्याची आगाऊ सूचना जाते, पण ती बहुधा काम करणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेली असते. आवृत्तीचा क्रमांक, केलेल्या सुधारणांची यादी आणि शेवटी ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. पहाटे अडीच वाजता काही बिनसलं, तर जागं असलेल्या माणसाला तिचा काही उपयोग होत नाही. त्याला हवं असतं ते वेळांचं गणित आणि फोन उचलणारा माणूस.

हे गणित कसं मांडायचं, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. दोनशे खाटांचं एक रुग्णालय आहे. नोंदणी, लॅब, औषधं आणि बिलं एकाच सिस्टीमवर चालतात. सॉफ्टवेअर सांभाळणारी टीम पुण्यात बसते. शनिवारी रात्री नवी आवृत्ती बसवायची आहे.

सर्वांत आधी ठरते ती शेवटची वेळ. पहाटे साडेचारच्या सुमाराला वॉर्डात रक्ताचे नमुने घ्यायला सुरुवात होते आणि त्यांची लेबलं सिस्टीममधूनच निघतात. म्हणजे काहीही झालं तरी चारला सिस्टीम चालू हवी. ही वेळ रुग्णालयाने सांगायची, सॉफ्टवेअरवाल्यांनी अंदाजाने ठरवायची नाही.

आता कामाच्या पायऱ्या. साडेबाराला सिस्टीम बंद करून सगळ्या माहितीचा बॅकअप घ्यायला 35 मिनिटं लागतात. डेटाबेसमधले बदल 40 मिनिटांचे, नवी आवृत्ती बसवणं 15 मिनिटांचं. त्यानंतर एक खोटा रुग्ण नोंदवून त्याची लॅबची चिठ्ठी, औषध आणि बिल काढून पाहायचं, त्याला अर्धा तास. सगळं सुरळीत झालं तर अडीचला काम संपतं. हे आकडे आधी चाचणीच्या सर्व्हरवर, शक्यतो तेवढ्याच आकाराच्या माहितीवर, घड्याळ लावून काढलेले असावेत. छोट्या डेटाबेसवर दोन मिनिटांत होणारा बदल मोठ्या डेटाबेसवर तासभर घेऊ शकतो, आणि रात्रीची वेळापत्रकं कोलमडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

खरी महत्त्वाची वेळ मात्र उलट्या बाजूने मोजायची असते. काही बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर परत जायचं, म्हणजे ‘रोलबॅक’ करायचा. बॅकअप परत चढवायला 50 मिनिटं आणि सगळं जागेवर आहे ना ते पाहायला 20, असे 70 मिनिटं जातात. चारमधून ती वजा केली की 2:50 उरतात. हाताशी थोडा वेळ ठेवून आपण 2:45 धरू. पावणेतीनपर्यंत चाचणी पूर्ण झाली नाही, तर काम कितीही जवळ आलेलं असो, परत फिरायचं. ‘अजून दहा मिनिटं द्या, झालंच’ हे वाक्य तीन वाजता फार पटतं आणि त्या दहाची चाळीस मिनिटं होतात. वेळ आधीच लेखी सगळ्यांना दिलेली असली, तर दमलेल्या माणसांना तो वाद पहाटे घालावा लागत नाही.

परत फिरण्याला आणखी एक मर्यादा आहे. सिस्टीम एकदा वापरासाठी खुली झाली आणि नव्या नोंदी होऊ लागल्या, की जुना बॅकअप चढवणं म्हणजे त्या नोंदी पुसून टाकणं. पहाटे पाचला भरती झालेला रुग्ण साडेबाराच्या बॅकअपमध्ये नसतोच. म्हणून ‘सिस्टीम खुली करा’ असं सांगण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि ती व्यक्ती कोण, हेही सूचनेत यावं.

आता प्रत्यक्ष सूचना. ती अशी जाऊ शकते:

‘शनिवार, 14 जूनची रात्र उलटल्यावर, म्हणजे रविवार, 15 जूनच्या पहाटे 12:30 ते 4:00 रुग्णालयाची सिस्टीम बंद राहील. काम 2:30 पर्यंत संपणं अपेक्षित आहे, पण तयारी 4:00 पर्यंतची ठेवावी.
बंद: नोंदणी, लॅबच्या चिठ्ठ्या, औषधांची मागणी, बिलं.
चालू: फोन, लॅबची यंत्रं, एक्स-रे. लॅबचे रिपोर्ट यंत्रावरच छापून वॉर्डात हातोहात पाठवले जातील.
कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णांची नोंद कागदी फॉर्मवर करावी. तात्पुरते क्रमांक फॉर्मवर छापलेले आहेत. सिस्टीम सुरू झाल्यावर त्या नोंदी रात्रपाळीचा नोंदणी लिपिक चढवेल.
2:45 पर्यंत चाचणी पूर्ण न झाल्यास जुनी आवृत्ती परत आणली जाईल. हा निर्णय आणि सिस्टीम खुली करण्याचा निर्णय रिलीज प्रमुख घेतील.
अडचण आल्यास आधी रात्रीच्या सपोर्ट इंजिनिअरला फोन करावा. पाच मिनिटांत उत्तर न मिळाल्यास रिलीज प्रमुखांना. रुग्णाच्या उपचारात अडथळा येत असल्यास थेट ड्युटीवरच्या आरएमओंना.’

शेवटच्या भागात प्रत्येक पदापुढे नाव आणि मोबाइल क्रमांक हवा. बाकी यात काही घालायची गरज नाही. नव्या आवृत्तीत काय बदललं, ते सोमवारी वेगळं कळवता येतं.

या मजकुरातली तारीख दोनदा लिहिली आहे, ती मुद्दाम. ‘शनिवारी रात्री साडेबारा’ असं म्हटलं की आपण शनिवार मावळल्यानंतरची रात्र धरतो, पण कॅलेंडरवर तोवर रविवार लागलेला असतो. एकाने शनिवार उजाडण्याआधीची रात्र धरली, दुसऱ्याने नंतरची, आणि बॅकअपचा माणूस चोवीस तास चुकला, असं होऊ शकतं. हिंजवडीतून अमेरिकेतल्या ग्राहकासाठी रिलीज करणाऱ्या टीमना तर दोन्हीकडची वेळ शेजारी शेजारी लिहावी लागते, कारण तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा तासभर पुढेमागे होतात आणि आपली होत नाहीत.

सूचना पाठवली म्हणजे पोहोचली असं मात्र नसतं. याचं सगळ्यांत महागडं उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचं आहे. 2012च्या उन्हाळ्यात त्यांनी आठ सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवलं, पण एक सर्व्हर राहून गेला. 1 ऑगस्टला सकाळी बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने चुकीचा उल्लेख असलेले 97 ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला पाठवले होते. ते धोक्याचा इशारा म्हणून बघायचे, असं कोणाला सांगितलेलंच नव्हतं. बाजार उघडला आणि 45 मिनिटांत त्या सर्व्हरमधून कोट्यवधी शेअरचे नको असलेले व्यवहार झाले. गोंधळात कंपनीच्या लोकांनी नीट चालणाऱ्या सात सर्व्हरवरचं नवं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि परिस्थिती आणखी चिघळली. नुकसान 46 कोटी डॉलरहून अधिक झालं, असं अमेरिकेच्या बाजार नियामकाने 2013च्या आदेशात नोंदवलं आहे. ईमेल गटाला गेले होते. त्यातल्या कोणा एकाचं ते काम नव्हतं.

म्हणून आणीबाणीचा संपर्क म्हणजे गट नव्हे, माणूस हवा, आणि त्याच्यामागे दुसरा. ‘सपोर्ट टीमशी संपर्क साधा’ या वाक्याने प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी बघेल. नाव दिलं की जबाबदारी पडते. पहिल्या माणसाने फोन न उचलल्यास किती वेळाने दुसऱ्याला करायचा, तेही लिहायला हवं, नाहीतर रात्रपाळीची सिस्टर संकोचाने अर्धा तास एकाच नंबरवर प्रयत्न करत राहते. ‘मोठ्या साहेबांना एवढ्या रात्री कसा उठवू’ हा संकोच आपल्याकडे खरा आहे. सूचनेतच ‘फोन करावा’ असं लिहिलेलं असलं की तो उरत नाही.

संपर्काचं साधनही तपासून घ्यावं लागतं. व्हॉट्सअॅपचा ग्रुप माहिती कळवायला चांगला, पण रात्री बहुतेकांनी तो म्यूट केलेला असतो. शिवाय तो स्वतःच बंद पडू शकतो. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकच्या नेटवर्कमधल्या एका बदलामुळे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद होते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. कंपनीची स्वतःची अंतर्गत साधनंही त्यात बंद पडली, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांनाच काम अवघड झालं. यातून घ्यायचं ते एवढंच, की जी यंत्रणा बंद होणार आहे, तिच्यावर सूचना आणि नंबर ठेवून चालत नाही. रुग्णालयात त्या सूचनेची छापील प्रत प्रत्येक वॉर्डाच्या टेबलावर आणि कॅज्युअल्टीच्या फोनशेजारी हवी. शनिवारी संध्याकाळी कॅज्युअल्टीतल्या फोनवरूनच यादीतल्या प्रत्येक नंबरवर एकदा फोन करून पाहावा. बदललेला नंबर, अनोळखी नंबर आपोआप अडवणारा मोबाइल, गावाला गेलेला माणूस, हे सगळं त्या दहा मिनिटांत कळतं.

रात्री काम सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाने एक ओळ पुरते. ‘1:30. डेटाबेसमधले बदल चालू, वेळापत्रकानुसार. पुढची माहिती 2:00 वाजता.’ सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी ही ओळ जायला हवी, कारण ती थांबली की वॉर्डातून फोन सुरू होतात आणि काम करणाऱ्याचे हात अडकतात. उशीर होणार असेल, तर ठरलेली वेळ टळून जाण्याआधीच नवी वेळ सांगावी.

शेवटचा निरोप ‘झालं’ एवढाच असू नये. सिस्टीम किती वाजता खुली झाली, कागदी नोंदी चढवून झाल्या का, कोणती गोष्ट अजून अडकलेली आहे आणि सकाळी आठनंतर फोन कोण घेणार, हे त्यात हवं. रविवारी गर्दी कमी असते. बाह्यरुग्ण विभागाची रांग सोमवारी सकाळी लागते आणि नव्या आवृत्तीची खरी परीक्षा तेव्हा होते. म्हणून शनिवारच्या सूचनेतली नावांची यादी सोमवारी दुपारपर्यंतची असावी, आणि रात्रभर जागलेल्या माणसाचं नाव तीत सोमवारी सकाळसाठी पुन्हा येऊ नये.