वर्षश्राद्धाचे चार शब्द

वर्षश्राद्ध तारखेने नव्हे, तिथीने करतात. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून ते तारखेच्या दहा-अकरा दिवस आधीच येतं. मध्ये अधिक महिना पडला तर पुढे जातं. विधीत वडिलांचा उच्चार नाव, गोत्र आणि वसुरूप एवढाच होतो. आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. तिघांचे तीन पिंड. माणूस घरात कसा वावरायचा, हे त्यात येत नाही. ते घरच्यांनीच सांगायचं असतं, आणि बऱ्याच घरांत खीर-वड्यांची जेवणं उरकल्यावर मुलगा चार शब्द बोलतो.

हे चार शब्द सहसा नोकरी, बढती आणि बांधलेल्या घराचे होतात. समोर बसलेल्या काका-आत्यांना त्यातलं सगळं पाठ असतं. ‘बाबा फार व्यवस्थित होते’ हे वाक्य तर कुणाच्याही बाबांना लागू पडतं. मला ते ऐकताना हळहळ वाटते, कारण एवढं सांगून माणूस डोळ्यांपुढे येत नाही.

माझ्या मामेभावाने हे टाळलं. मामांच्या वर्षश्राद्धाला त्याने फक्त दोन सवयी सांगितल्या. पहिली दुधाची. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय, त्याच्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. दूध आलं की अण्णा त्या दिवसाच्या चौकटीत आकडा लिहायचे, नाही आलं तर फुली. महिनाअखेरीला बेरीज करून पैसे पाकिटात घालायचे आणि दूधवाल्याने मागायच्या आत त्याच्या हातात ठेवायचे. दुसरी सवय रात्रीची: सगळे निजल्यावर उठून गॅसचं बटण हाताने चाचपून बघणं, मग दाराची कडी, मग मामीच्या उशाशी तांब्या-भांडं. सकाळचा पेपर आपल्याआधी कुणी उघडला की अण्णा कसे चिडायचे, तेही त्याने लपवलं नाही. ते ऐकून धाकटे काका मोकळेपणाने हसले.

मला पटलं ते असं, की त्याने एकही विशेषण वापरलं नाही. वेळ, वस्तू आणि हाताची कृती एवढंच सांगितलं. असं सांगणं जमलंय की नाही हे लगेच कळतं: ऐकणारे नुसती मान हलवत नाहीत, स्वतःची भर घालतात. थोरल्या मावशी म्हणाल्या, “आमचे नानाही रात्री असेच कडी बघायला उठायचे.” मुलाने कधी न पाहिलेले आजोबा त्याला तिथे भेटले.

तो म्हणाला होता, अण्णा रोज दीड लिटर लिहायचे. मामी मध्येच बोलल्या, “दीड नव्हे रे. तू होस्टेलला गेलास त्या महिन्यापासून एकच.” मग त्यांनी माळ्यावरची जुनी कॅलेंडरं काढायला लावली, आणि चहा होईपर्यंत सगळे तो महिना शोधत बसले.